उडी मारून गोल केला, तरी पंचांनी का दिला नाही? सहा मीटरची रेषा, तीन पावलं आणि दोन मिनिटं

प्रश्न : मुलगी आठवीत आहे, नाशिकरोडच्या शाळेच्या हँडबॉल संघात यंदा पहिल्यांदाच आली. पंचवटीला सामने होते. तिने उडी मारून गोल केला, तो पंचांनी दिलाच नाही, समोरच्या गोलकीपरला बॉल दिला. थोड्या वेळाने ‘स्टेप्स’ म्हणून शिटी वाजली. आणि शेवटी पिवळं कार्डही न दाखवता थेट दोन मिनिटं बाहेर बसवलं. शाळेच्या मैदानावर सराव करते तेव्हा सगळं बरोबर येतं. नक्की चुकतंय काय?

उत्तर :

तिन्ही शिट्या तुम्हाला वेगवेगळ्या वाटल्या असतील, पण पहिल्या दोन तर एकाच चुकीच्या आहेत आणि तिसरी त्यांच्या जवळचीच आहे. तिघींचं मूळ पायात आहे. नवीन मुलांचं सगळं लक्ष हातावर असतं, बॉल कसा पकडायचा, कसा मारायचा. पंच मात्र बहुतेक वेळ पायांकडे बघत असतात.

आधी ‘डी’ समजून घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

गोलसमोर जो बाकदार भाग आखलेला असतो, त्याला आपल्याकडे सगळेच डी म्हणतात. नियमात तो गोलक्षेत्र. तिथे फक्त गोलकीपरने उभं राहायचं. गोलसमोरची त्याची रेषा गोलरेषेपासून 6 मीटरवर असते. तिच्या बाहेर आणखी 3 मीटरवर, म्हणजे 9 मीटरवर, तुटक रेषा असते. या दोन रेषांमधला 3 मीटरचा पट्टा लक्षात ठेवा. तुमच्या मुलीचा गोल याच पट्ट्यात गेला असणार.

सहा मीटरची रेषा ही स्वतः डीचाच भाग आहे. म्हणजे बॉल हातात असलेल्या खेळाडूच्या बुटाचं टोक जरी तिला लागलं तरी ती आत गेली असंच धरतात. ‘अर्धा पाय तर बाहेर होता’ याला इथे काही अर्थ नाही.

पण, आणि ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हा नियम जमिनीला लागलेल्या शरीराबद्दल आहे. डीच्या वरची हवा मोकळी आहे. रेषेच्या बाहेरून उडी मारायची, डीच्या वर हवेत जायचं, आणि खाली येण्याआधी बॉल हातातून सुटलेला असला पाहिजे. त्यानंतर डीत पडलात तरी चालतं, फक्त पडल्यावर कुणाच्या आड न येता लगेच बाहेर यायचं. टीव्हीवर खेळाडू थेट गोलकीपरच्या अंगावर झेपावल्यासारखे दिसतात ते याचमुळे. त्यांचा शेवटचा पाय रेषेच्या बाहेरून सुटलेला असतो.

तेव्हा उडी मारलेला गोल दोन कारणांनी रद्द होतो. एक, उडी घेताना पाय रेषेवर होता. दोन, बॉल हातात असतानाच पाय डीत टेकला आणि मग शॉट सुटला. दुसरं कारण नवीन मुलांमध्ये फार दिसतं. ती उडी मारतात, हवेत गोलकीपरकडे बघतात, ‘आता मारू का’ असा विचार करतात, आणि तेवढ्यात जमीन येते.

दोन्हींत निकाल सारखाच असतो, बॉल समोरच्या गोलकीपरला जातो आणि तो डीतून खेळ सुरू करतो. तुम्ही लिहिलंय तसंच झालं. यावरून बाहेर बसून सुद्धा चूक ओळखता येते. शिटीनंतर बॉल गोलकीपरकडे गेला तर डीची चूक. समोरच्या संघाने मैदानातूनच, चूक झाली त्या जागेवरून फ्री थ्रो घेतला तर बहुधा पावलांची किंवा टप्प्याची चूक. पावलांसाठी पंच छातीसमोर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवूनही दाखवतात.

आता पावलं.

बॉल हातात असताना जास्तीत जास्त तीन पावलं टाकता येतात, आणि बॉल जास्तीत जास्त तीन सेकंद धरता येतो. तीन पावलं झाली की पास, शॉट किंवा टप्पा, यातलं काहीतरी करायचं. टप्पा मारून बॉल पुन्हा पकडला तर पुन्हा तीन पावलं मिळतात. मात्र बॉल एकदा पकडला की पुन्हा टप्पा मारता येत नाही. म्हणजे एका खेळाडूची सगळ्यात लांब चाल अशी असते, तीन पावलं, टप्पा किंवा सलग टप्पे, पुन्हा तीन पावलं, आणि पास किंवा शॉट.

भांडण होतं ते पाऊल मोजायला कुठून सुरुवात करायची यावरून. प्रेक्षकांमधले निम्मे लोक चार मोजतात आणि पंच तीन मोजतात, किंवा नेमकं उलटं. नियम असा आहे. मुलगी हवेत असताना बॉल पकडते आणि मग पाय टेकवते, तेव्हा तो टेकलेला पाय शून्य. एक पाय टेको की दोन्ही एकदम, मोजायचे नाहीत. त्यानंतर पडेल ते पहिलं पाऊल. एक पाय जमिनीवर असतानाच बॉल पकडला तर तो पायही मोजत नाहीत, दुसरा पाय पडला की एक. दोन्ही पायांवर उभी राहून बॉल घेतला तर जो पाय आधी उचलून टेकवेल तो एक. आणि एक पाय पुढे टाकल्यावर दुसरा पाय जमिनीवरून ओढत त्याच्याजवळ आणला तर ते वेगळं पाऊल धरत नाहीत.

उजव्या हाताने मारणाऱ्या मुलीसाठी हे असं बसतं. पळत येताना हवेत बॉल पकडला, उजवा पाय टेकला, शून्य. डावा एक, उजवा दोन, डावा तीन, आणि त्याच डाव्या पायावर उडी. डाव्या पायावर उडी घेतली की उजवा खांदा मागे जातो, कंबर वळते आणि शॉटला जोर मिळतो. उडी घेतल्यावर पुन्हा पाय टेकला तर ते चौथं पाऊल, म्हणून बॉल हवेतच सुटायला हवा. डीत पडण्याआधी बॉल सोडायचा आणि चौथ्या पावलाआधी बॉल सोडायचा, हे दोन्ही नियम तिच्या त्याच एका उडीत एकत्र येतात.

आता तिच्या दोन शिट्यांचं गणित करू. हा भाग जरा सावकाश वाचा, मैदानावर जाऊन करता येण्यासारखा आहे.

तेरा वर्षांच्या मुलीची पळत्या अवस्थेतली पावलं साधारण मीटरभराची पडतात, पहिलं थोडं आखूड, शेवटचं थोडं लांब. समजा तिची पावलं 95, 105 आणि 110 सेंटिमीटर आहेत. बेरीज 3 मीटर 10 सेंटिमीटर. नवीन मुलींना सराव देताना बहुतेक ठिकाणी तुटक रेषेवर उभं करून पास देतात, म्हणजे शून्य पायाचं टोक 9 मीटरवर. तिथून तीन पावलं सरळ पुढे टाकली की तिसऱ्या पायाचं टोक येतं 5 मीटर 90 सेंटिमीटरवर. म्हणजे 10 सेंटिमीटर आत! पावलं बरोबर तीन, उडी सुंदर, शॉटही गोलमध्ये, पण पाय रेषेवर. गोल रद्द.

हे दोनदा झालं की मुलगी सावध होते. पुढच्या वेळी रेषा जवळ आली की ती आपोआप पाऊल आखूड करते. आखूड पावलावर उडीला जोर मिळत नाही, म्हणून तोल सावरायला आणखी एक बारीक पाऊल टाकते, मग उडी मारते. ते झालं चौथं, आणि शिटी वाजते स्टेप्सची. म्हणूनच म्हटलं, पहिल्या दोन शिट्या एकाच चुकीच्या आहेत. ती बॉल रेषेच्या फार जवळ घेते.

उपाय पास घेण्याच्या जागेत आहे. तिला तुटक रेषेच्या अर्धा मीटर मागे, साडेनऊ मीटरवर, शून्य पाय पडेल अशा बेताने पास घ्यायला लावा. तीच 3 मीटर 10 सेंटिमीटरची पावलं आता 6 मीटर 40 सेंटिमीटरवर संपतात. रेषेच्या 40 सेंटिमीटर अलीकडे. दमल्यावर पावलं मागेपुढे होतात, समोर बचाव करणारी मुलगी आली की थोडं वळावं लागतं, त्या सगळ्याला हे 40 सेंटिमीटर पुरतात. गोलपासून लांबून मारावं लागेल ही भीती नको, कारण उडीत शरीर पुढेच जातं आणि बॉल सुटतो तेव्हा ती डीच्या वर पोहोचलेली असते.

तिची खरी पावलं मोजायला मातीचं मैदान उत्तम. आदल्या संध्याकाळी थोडं पाणी मारलेलं असेल तर बुटाचे ठसे स्वच्छ उमटतात. तिला न सांगता पाच-सहा वेळा पूर्ण वेगाने शॉट मारू द्या आणि मग टेपने ठसे मोजा. सांगून मोजलं तर मुलं जपून पावलं टाकतात आणि आकडा खोटा येतो. रेषेवर फक्कीचा जाड थर टाकला असेल तर आणखी सोपं, डाव्या बुटाच्या टोकाला पांढरं लागलंय का एवढं बघायचं. मी मुलांना शॉट मारल्यावर गोलकडे न बघता आधी बुटाचं टोक बघायला लावतो. गोल झाला की नाही ते बाकीचे ओरडून सांगतातच.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, शाळेच्या मैदानावर सगळं बरोबर येतं. तिथली डी कशी आखली आहे ते एकदा टेप घेऊन मोजून बघा. कितीतरी शाळांत गोलच्या मधोमध खुंटी ठोकतात, सहा मीटरची दोरी धरतात आणि सरळ अर्धवर्तुळ मारतात. दिसायला ठीक दिसतं, पण ती डी चुकीची आहे.

गोल आतून 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच असतो. डी आखताना दोन्ही खांबांच्या आतल्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात एकेक खुंटी धरायची आणि प्रत्येक खुंटीवरून सहा मीटरच्या दोरीने पाव वर्तुळ मारायचं. दोन पाव वर्तुळं गोलसमोर 3 मीटरच्या सरळ रेषेने जोडायची. त्यामुळे बरोबर डी समोरून सपाट दिसते आणि शेवटच्या रेषेवर एकूण 15 मीटर रुंद होते, दोन्हीकडे सहा-सहा आणि मधले तीन. एका खुंटीवरून मारलेली डी फक्त 12 मीटर रुंद होते.

समोरून, अगदी मधून मारणाऱ्या मुलीला फरक कळतही नाही, तिथे दोन्हींत रेषा सहा मीटरवरच आहे. पण जसजसं बाजूला जाल तसतशी चुकीची डी आत सरकते. मैदान 20 मीटर रुंद असतं, म्हणजे कोपऱ्यात, विंगवर खेळणाऱ्या मुलीला बरोबर डीत बाजूच्या रेषेपर्यंत अडीच मीटर जागा मिळते आणि चुकीच्या डीत चार मीटर. दीड मीटर जास्त! शाळेत त्या मोकळ्या जागेतून सहज उडी घेणारी मुलगी सामन्याला नीट आखलेल्या मैदानावर गेली की त्याच पावलांनी थेट डीत पडते. तुमची मुलगी विंगवर किंवा बाजूच्या बॅक जागेवर खेळत असेल तर मी आधी हेच तपासेन. सरांना दोष देऊ नका, फक्त दोन खुंट्या आणि सहा मीटरची दोरी घेऊन एका रविवारी डी पुन्हा आखून टाका.

डीबद्दल आणखी दोन गोष्टी पहिल्या वर्षी नडतात. बॉल डीत जमिनीवर घरंगळत असेल किंवा पडून असेल तर मैदानातल्या खेळाडूने त्याला हात लावायचा नाही, बाहेर उभं राहून वाकूनही नाही. तो गोलकीपरचा. हवेत असेल तर मात्र डीच्या वर सुद्धा खेळता येतो. आणि बचाव करताना अडचणीत सापडलं की फुटबॉलच्या सवयीने मुलं बॉल आपल्याच गोलकीपरला डीत देऊन टाकतात. त्याने तो धरला की समोरच्या संघाला फ्री थ्रो, तोही अगदी गोलजवळ.

पालकांचा आरडाओरडा सगळ्यात जास्त होतो तो पुढच्या गोष्टीवर. ‘आमच्या मुलीचा पाय रेषेला लागला तर गोल रद्द, त्यांची मुलगी तर डीत उभी राहून अडवत होती, तिला काहीच नाही?’ इथे नियम खरोखरच दोघींना सारखा नाही. हल्ला करणारी बॉल घेऊन रेषेला शिवली तरी चूक. बचाव करणारीचा पाय धावपळीत नुसता रेषेला लागला तर पेनल्टी देत नाहीत. ती स्पष्टपणे डीत शिरली आणि तिथे उभी राहून गोलची उघड संधी मोडली तर 7 मीटरचा थ्रो, म्हणजेच पेनल्टी मिळते. आत जाऊन फायदा घेतला पण उघड संधी नव्हती, तर फ्री थ्रो. आणि आत गेली पण फायदाच झाला नाही तर खेळ चालू. हल्ला करणारीला गोलचं मोठं बक्षीस मिळतं, म्हणून तिच्यासाठी रेषा काटेकोर आहे, मला हे न्याय्य वाटतं.

आता दोन मिनिटं.

पिवळं कार्ड आधी दाखवलंच पाहिजे असा नियम नाही. हलक्या फाउलसाठी, म्हणजे जिथे खेळाडूचा रोख बॉलपेक्षा समोरच्या मुलीच्या अंगावर होता अशा फाउलसाठी, पंच चढत्या क्रमाने शिक्षा देतात. आधी पिवळं कार्ड, मग दोन मिनिटं. पण एका खेळाडूला सामन्यात एकच पिवळं मिळतं आणि संपूर्ण संघातल्या खेळाडूंना मिळून तीन. तेवढी वापरून झाली की पुढचा तसाच फाउल सरळ दोन मिनिटांचा. त्यामुळे तुमच्या मुलीने आधी काही केलं नसेल तरी तिच्या तीन मैत्रिणींनी संघाची पिवळी संपवलेली असू शकतात. टेबलावर लिहिणाऱ्यांना विचारलं तर हे लगेच कळतं.

दुसरी शक्यता जास्त आहे. काही फाउल असे आहेत की त्यांना पहिल्याच वेळी दोन मिनिटं देतात. वेगात पळणाऱ्या मुलीला जोरात अडवणं, बराच वेळ धरून ठेवणं किंवा खाली ओढणं, डोकं, गळा किंवा मान यांना हात लावणं, बॉल मारणाऱ्या हातावर जोरात फटका, आणि पळताना किंवा उडीत असताना तोल जाईल असा धक्का. शेवटच्या प्रकारात मुलीला खरी इजा होईल असं वाटलं तर पंच थेट लाल कार्डही काढतात.

इथे आपल्याकडची एक खास सवय आड येते. नाशिकच्या शाळांतून हँडबॉलला येणारी निम्मी मुलं आधी कबड्डी खेळलेली असतात. ती धीट असतात, अंगाला अंग लागलं तर घाबरत नाहीत, पाय हलके असतात. बचावात असे खेळाडू मला फार आवडतात. पण समोरची मुलगी बाजूने निसटायला लागली की त्यांचे हात आपोआप पकड घ्यायला जातात, कंबर, मनगट, जर्सी, जे मिळेल ते. कबड्डीत त्या पकडीला गुण मिळतो आणि इथे शिटी वाजते. कंबरेला विळखा घालून तिने समोरचीला दोन पावलं थांबवून धरलं असेल तर दोन मिनिटं मिळणारच, पिवळं असो वा नसो.

हँडबॉलमध्ये परवानगी कशाची आहे ते तिला हात धरून दाखवा. समोर उभं राहून कोपरात वाकवलेल्या हातांनी समोरचीच्या अंगाला स्पर्श ठेवता येतो आणि तसाच तिच्याबरोबर सरकता येतं. जागेसाठी छातीने अडवता येतं. बॉल उघड्या तळव्याने हातातून खेळवून काढता येतो, मात्र हिसकावता किंवा ठोसा मारून पाडता येत नाही. हात सरळ लांब करून आडवा धरला की ते अडवणं नाही, ढकलणं किंवा धरणं होतं. पंच चार गोष्टी बघतात, ती समोरून आली की बाजूने किंवा मागून, हात कुठे लागला, जोर किती होता, आणि त्याने समोरचीचं काय झालं. समोरून छातीला छाती लावलेला जोरकस बचाव बहुतेक वेळा चालतो. तोच जोर मागून लावला तर चालत नाही.

म्हणजे पुन्हा पायच. बाजूने पकड घ्यावी लागते, कारण पाय उशिरा पोहोचलेले असतात. समोरची मुलगी पास घ्यायला निघाली त्याच क्षणी पुढे पाऊल टाकून तिच्या मारणाऱ्या हाताच्या बाजूला समोर उभं राहिलं, तर पकडायची वेळच येत नाही. सरावात मी बचाव करणाऱ्या मुलींच्या दोन्ही हातांत एकेक टेनिसचा बॉल देतो. हातात काही असलं की पकडता येत नाही, त्यामुळे पाय हलवावेच लागतात. पंधरा मिनिटांत फरक दिसतो.

फाउल न करताही दोन मिनिटं मिळतात, तेही सांगतो, कारण आठवीच्या वयात असं फार होतं. आपल्या विरुद्ध शिटी वाजली की हातातला बॉल तिथेच, लगेच खाली ठेवायचा. तो घेऊन दोन पावलं जाणं, लांब फेकणं, किंवा रागाने आपटून उडवणं, याला पिवळं नाही, सरळ दोन मिनिटं. पंचांशी मोठ्याने, हातवारे करून वाद घातला तरी तेच. तुमच्या मुलीचा गोल रद्द झाला होता, स्टेप्सची शिटी वाजली होती, ती चिडलेली असणार. तिला शांतपणे विचारा, शिटीनंतर बॉल कुठे होता?

दोन मिनिटांत नक्की काय होतं तेही बघू. मैदानावर गोलकीपर धरून सात जणी असतात. एकीला बाहेर बसवलं की तिच्या जागी कुणी येत नाही, संघ सहा जणींचा होतो. पंच दोन बोटं वर करून दाखवतात. वेळ मोजायला सुरुवात होते ती पुन्हा शिटी वाजवून खेळ सुरू झाल्यावर, आणि ही खेळाची वेळ असते, घड्याळ थांबलं की तीही थांबते. समोरच्या संघाने गोल केला म्हणून शिक्षा लवकर संपत नाही. मध्यंतर झालं तर उरलेली शिक्षा दुसऱ्या हाफमध्ये भोगावी लागते. वेळ संपल्यावर तीच मुलगी आत येईल असंही नाही, दुसरी कुणी येऊ शकते, पण आपल्या बाकाजवळच्या बदलीच्या पट्ट्यातूनच. हा पट्टा मधल्या रेषेपासून साडेचार मीटरचा असतो. आणि एकाच मुलीला सामन्यात तिसऱ्यांदा दोन मिनिटं मिळाली की लाल कार्ड, मग उरलेला सामना ती खेळू शकत नाही.

खरा घोटाळा होतो तो परत येण्याच्या वेळी. शाळेच्या मैदानावर मोठं घड्याळ नसतं, टेबलावर वेळ चालते. समजा 12 मिनिटं 10 सेकंदांवर खेळ पुन्हा सुरू झाला. शिक्षा संपते 14 मिनिटं 10 सेकंदांवर. बाकावरच्या मैत्रिणी ‘जा, जा’ ओरडतात आणि मुलगी 13 मिनिटं 30 सेकंदांवरच आत पाऊल टाकते. तिला आणखी दोन मिनिटं मिळतात आणि ती त्याच क्षणापासून सुरू होतात, म्हणजे 15 मिनिटं 30 सेकंदांपर्यंत. पण पहिल्या शिक्षेची 40 सेकंदं अजून शिल्लक आहेत. ती 40 सेकंदं संघाला आणखी एक मुलगी बाहेर काढावी लागते, आणि गोलकीपरसह पाचच जणी उरतात. शिवाय या मुलीच्या नावावर आता दोन शिक्षा झाल्या, तिसरी म्हणजे लाल. म्हणून बाहेर बसलेल्या मुलीने मैत्रिणींकडे नाही, टेबलाकडे बघायचं. टेबलावर तिचा नंबर आणि परत येण्याची वेळ लिहिलेला कागद लावलेला असेल तर तो वाचायचा. नसेल तर तुमच्या संघाच्या सरांनी शिक्षा सुरू होतानाच वेळ विचारून लिहून घ्यायची.

त्या दोन मिनिटांत संघाने काय करायचं, तर आठवीच्या वयात साधं ठेवावं. बचावात पाचही जणींनी मधे, सहा मीटरजवळ एकत्र यायचं आणि विंगवरून मारायची जागा मोकळी सोडायची, तिथून कोन अरुंद असतो. हल्ल्यात घाई करायची नाही, पण नुसतं बॉल फिरवत वेळही काढायचा नाही. पंचांनी हात वर करून इशारा दिला की त्यानंतर जास्तीत जास्त चार पास मिळतात. मोठे संघ अशा वेळी गोलकीपर काढून सहावी खेळाडू हल्ल्याला घेतात. मुलींच्या संघाला मी ते पहिल्या वर्षी करू देत नाही. बॉल हातातून गेला की गोल रिकामा असतो आणि परत धावत यायला चाळीस मीटरचं मैदान फार लांब पडतं.

बॉलही एकदा बघून घ्या. 8 ते 14 वयाच्या मुलींसाठी 1 नंबरचा बॉल असतो, घेर 50 ते 52 सेंटिमीटर. शाळेत एकच जुना 2 किंवा 3 नंबरचा बॉल असतो आणि सगळे त्यावरच शिकतात. तो लहान हातात एका हाताने बसत नाही, मुलगी दोन्ही हातांनी सावरत राहते, आणि सावरताना पाय एक पाऊल जास्त टाकतात. स्टेप्सची शिटी कमी करायला कधीकधी योग्य बॉल आणला तरी पुरतं.

सुरुवात या क्रमाने करा. या रविवारी डी मोजून नीट आखा. मग ओल्या मातीवर तिची तीन पावलं मोजा आणि त्या लांबीत 40 सेंटिमीटर मिळवून, डीच्या रेषेपासून तेवढ्या अंतरावर, पास घेण्याच्या जागेची फक्कीने खूण करून ठेवा. ती त्या खुणेवर शून्य पाय टाकून मारायला लागली, आणि सलग दहा शॉटमध्ये बुटाला पांढरं लागलं नाही, की मग समोर बचाव करणारी मुलगी उभी करा. खूण पुसायची ती त्यानंतर. बाजूच्या जागांवरून मारताना खूण वेगळी येईल, कारण तिथे ती तिरकी येते आणि रेषा वळलेली असते. त्या खुणा पुन्हा वेगळ्या मोजाव्या लागतील.